उक्त्यात घ्यावं की तासावर? बाथरूमच्या कामाचा हिशोब

प्रश्न: मी दोन कामगारांना घेऊन घरांच्या आतल्या नूतनीकरणाची छोटी कामं करतो. आतापर्यंत सगळं उक्त्यात घेतलं, पण जुनी बाथरूम फोडली की काहीतरी निघतं आणि नफा त्यातच जातो. तासावर आणि मालाच्या बिलावर घ्यायचं म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, "आधी एक आकडा सांगा." कोणती पद्धत धरू?

उत्तर:

संपूर्ण कामाला एकच पद्धत लावायचा हट्ट सोडा. एकाच बाथरूममध्ये तीन प्रकारचं काम असतं. काही काम डोळ्यांना दिसतं आणि टेपने मोजता येतं, ते उक्त्यात द्या. काही काम टाइलच्या मागे दडलेलं असतं, पण बाहेर आलं की मोजता येतं. त्याचा दर आधी लिहून द्या आणि माप नंतर घ्या. उरलेलं काम असं असतं की ते किती वेळ खाईल हे बाहेर आल्यावरही सांगता येत नाही. फक्त तेवढं तासावर घ्या. माझ्या अनुभवात तिसऱ्या प्रकारचं काम फार थोडं असतं, आणि नुकसान बहुतेक दुसऱ्या प्रकारचं काम पहिल्यात कोंबल्यामुळे होतं.

हे आकड्यांत मांडतो. पण त्याआधी तुमच्या तासाचा खरा दर काढायला हवा, कारण तो चुकला तर दोन्ही पद्धतींत तोटाच आहे. खालचे सगळे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

कामगाराला तासाला १०० मिळतात असं धरू. महिन्याला २०० तासांचे पैसे तुम्ही देता, म्हणजे २०,०००. विमा, रजा वगैरेचे आणखी ३,००० आणि हत्यारं, ब्लेड, ड्रिलचे बिट यांची झीज १,०००, असे झाले २४,०००. पण त्या २०० तासांतले गिऱ्हाइकाच्या नावावर टाकता येतात किती? दोन कामांच्या मधला रिकामा दिवस, प्रवास, विसरलेला माल आणायला मारलेली फेरी, आपल्याच हातून बिघडलेलं पुन्हा करणं, हे सगळं वजा केलं की १५० उरले तरी पुष्कळ. म्हणजे कामगाराचा तास तुम्हाला १६० ला पडला.

आता तुमचा स्वतःचा खर्च. साइट बघायला जाणं, कोटेशन करणं, देखरेख, गाडी, फोन, हिशोबनीस, आणि तुमचा पगार (हो, तो खर्चच आहे, नफा नव्हे). हे महिन्याला १८,००० धरले आणि दोघांच्या मिळून ३०० तासांवर वाटले की तासाला ६० येतात. बेरीज २२०. त्यावर विक्रीच्या १० टक्के नफा ठेवायचा तर २२० ला ०.९ ने भागा, साधारण २४५ येतील. म्हणजे ज्याला तुम्ही १०० देता त्याचा तास २४५ ला विकला तरच धंदा चालतो. तासावर काम घेणारे बरेच जण मजुरीवर वीस-तीस टक्के चढवून दर सांगतात, आणि वर्षअखेरीला भरपूर काम करूनही हाती का काही राहिलं नाही याचा शोध घेत बसतात.

आता बाथरूम घेऊ. १.८ बाय २.४ मीटर, भिंतींना २.१ मीटरपर्यंत टाइल. दार वजा करून भिंतीचं क्षेत्र सुमारे १६ चौरस मीटर आणि फरशीचं ४.३. तुम्ही सगळं मोजून तासांचा अंदाज मांडला: तोडफोड आणि मलबा खाली नेणं २४ तास, प्लंबिंग २०, वॉटरप्रूफिंग १२, टाइल ४०, इलेक्ट्रिक १०, फॉल्स सीलिंग आणि रंग १४, नळ-भांडी बसवणं २०. एकूण १४० तास, २४५ च्या दराने ३४,३००. माल २८,०००, त्यावर निवड, ने-आण, तुटफूट आणि परतावा यांचे १५ टक्के धरून ३२,२००. मिळून ६६,५००. यात सगळा खर्च आणि मालाची तुटफूट वजा जाता तुमचा निव्वळ नफा सहा-साडेसहा हजारांच्या घरात आहे. हा आकडा लक्षात ठेवा.

आता टाइलच्या मागे काय असू शकतं ते बघू. भिंतीतला जुना पाइप सडलेला असू शकतो. समजा तशी शक्यता दहात तीन आणि निघाला तर खर्च ८,०००. फरशीखालचा थर भुसभुशीत किंवा उलट्या उताराचा असू शकतो: दहात चार, खर्च ५,०००. टाइल काढताना मागचं प्लास्टर सोबत सुटून येतं: दहात पाच, खर्च ६,०००. शक्यता आणि खर्च यांचा गुणाकार करून बेरीज केली की २,४०० अधिक २,००० अधिक ३,००० म्हणजे ७,४०० होतात. पुस्तकी उत्तर असं की हे ७,४०० कोटेशनमध्ये मिसळा, ७३,९०० सांगा आणि निश्चिंत व्हा.

ते छोट्या ठेकेदाराला लागू पडत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र निघाल्या तर खर्च १९,०००, तुमच्याकडे ७,४००, म्हणजे ११,६०० खिशातून. ही शक्यता शंभरात सहाच आहे, पण ती आली की जवळजवळ दोन बाथरूमचा नफा गेला. वर्षाला शंभर बाथरूम करणाऱ्या कंपनीला सरासरी सांभाळून घेते. तुमच्याकडे वर्षाला पाच-सहा असतील तर सरासरी जमेपर्यंत तुमची रोख संपते. दुसऱ्या बाजूला, शंभरात एकवीस वेळा यातलं काहीच निघत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाने ७,४०० फुकट मोजलेले असतात, आणि त्याच वेळी ६६,५०० सांगणारा दुसरा कोणी ते काम घेऊन गेलेला असण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट लोक बोलत नाहीत. चार जणांनी उक्त्यात आकडे दिले तर काम बहुधा त्याला मिळतं जो पाइपाचं विसरला. आणि शेजारच्या खोलीत वर्षानुवर्षं ओल उतरते हे ज्या घरमालकाला ठाऊक असतं, तोच "सगळं धरून एकच आकडा द्या, नंतर एक पैसा वाढणार नाही" असा सर्वांत जास्त आग्रह धरतो. तो लबाडच असेल असं नाही, पण धोका कुठे आहे हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. असा आग्रह कानावर आला की आधी शेजारच्या खोलीतली भिंत बघा.

मग सगळंच तासावर घ्यायचं का? गिऱ्हाइकाची बाजू धरून विचार करा. तासावरच्या कामात हळू काम करणाऱ्याला जास्त पैसे मिळतात, आणि गिऱ्हाइकाकडे ते तपासायचं साधन नसतं. मिस्त्री चहाला बसला की त्याच्या डोक्यात मीटर फिरायला लागतो. तो तुमच्यावर अविश्वास दाखवतोय असं नाही, त्याला त्याच्या बजेटची कड दिसत नाही. "एक आकडा सांगा" याचा खरा अर्थ बहुतेक वेळा "जास्तीत जास्त किती जाईल ते सांगा" असा असतो. ते तुम्ही सांगू शकता.

कसं ते बघा. दिसणाऱ्या कामाचे ६६,५०० उक्त्यात. त्याखाली तीन ओळी, तोडफोड सुरू होण्यापूर्वी लिहिलेल्या:

"टाइल काढल्यावर प्लास्टर सुटलेलं किंवा पोकळ आढळल्यास नवीन प्लास्टर: प्रति चौरस मीटर ४००, जास्तीत जास्त १६ चौरस मीटर.

फरशीखालचा थर पुन्हा करावा लागल्यास: प्रति चौरस मीटर १,२५०, जास्तीत जास्त ४.३२ चौरस मीटर.

भिंतीतील पाइप बदलावा लागल्यास, खाच मारणं व बुजवणं धरून: प्रति मीटर ७५०, जास्तीत जास्त १२ मीटर.

माप दोघांच्या उपस्थितीत, फोटोसह, झाकण्यापूर्वी."

सगळं निघालं तर ६,४००, ५,४०० आणि ९,००० मिळून २०,८००. गिऱ्हाइकाला तुम्ही सांगता: काहीच निघालं नाही तर ६६,५००, या तिन्ही गोष्टी पूर्णपणे निघाल्या तर ८७,३००, आणि मधला प्रत्येक आकडा कसा येईल हे कागदावर आहे. समजा फोडल्यावर प्लास्टर सहाच चौरस मीटर सुटलं, फरशीचा थर पूर्ण खराब निघाला आणि पाइप ठणठणीत होता. मग २,४०० अधिक ५,४००, बिल ७४,३००. तुमचा नफा जागेवर, आणि जे निघालंच नाही त्याचे पैसे त्यानेही दिले नाहीत.

दर आधीच लिहायला हवेत यावर मी एवढा अडून बसतो त्याचं कारण आहे. फोडून झाल्यावर घरमालकाकडे वापरायला बाथरूम नसते. त्या क्षणी तुम्ही सांगाल तो दर त्याला मान्य करावा लागतो, आणि तो ते विसरत नाही. दर रास्त असला तरी अडवून घेतल्यासारखा वाटतो. तोच दर पंधरा दिवस आधी कागदावर असला तर तक्रारीला जागा राहत नाही. काही जण सुचवतात की तोडफोड तासावर करा आणि मग बाकीचं उक्त्यात सांगा. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, पण त्यात हीच अडचण आहे, म्हणून दर आधी दिल्याशिवाय मी ते करणार नाही.

कोटेशनआधी दोन तासांची पाहणी करा आणि तिचे पैसे घ्या. काम मिळालं तर बिलातून वजा करा. त्या दोन तासांत पुष्कळ कळतं. लाकडी दांडक्याने टाइल ठोकत जा, पोकळ वाजणारा भाग पेन्सिलने घेरा आणि मोजा. तिथलं प्लास्टर येणारच असं नाही, पण एक तृतीयांश भिंत पोकळ वाजत असेल तर "दहात पाच" हा अंदाज सोडून द्या आणि ते क्षेत्र सरळ उक्त्यात धरा. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर खालच्या दीड-दोन फुटांत रंग फुगलाय का ते बघा. फरशीवर बादलीभर पाणी ओता: ते जाळीकडे जातं की दाराकडे, आणि दहा मिनिटांनी कुठे साचून राहतं. मीटरला दहा-बारा मिलिमीटर उतार असेल तर पाणी नीट वाहतं. नळ सोडून पहिल्या पाण्याचा रंग बघा. तांबूस आलं तर लोखंडी पाइप आतून गंजलाय असं समजून चाला. घरमालक तयार असेल तर भांड्यामागची एक टाइल काढून आत बघा, ती जागा तशीही फुटणारच आहे.

उक्त्याच्या भागात आणखी एक छिद्र असतं, ते म्हणजे गिऱ्हाइकाने अजून न निवडलेला माल. कोटेशनमध्ये "टाइल, अमुक रकमेपर्यंत" असं सगळेच लिहितात. पण रकमेइतकाच आकार महत्त्वाचा आहे. तुम्ही ३० बाय ६० सेंटिमीटरची टाइल मनात धरून ४० तास मांडले आणि त्याने ६० बाय १२० ची आणली, तर चौरस मीटर तेच राहतात, तास राहत नाहीत. मोठ्या टाइलला भिंत जास्त सपाट लागते, एकाच्या जागी दोन माणसं लागतात, नळाची भोकं पाडताना एक फुटली तर नुकसान मोठं, आणि छोट्या बाथरूममध्ये कटाई करून वाया जाणारा भाग वाढतो. म्हणून मालाच्या ओळीत तीन गोष्टी लिहा: किंमत, आकार आणि त्यावर धरलेली मजुरी. आकार बदलला तर मजुरी बदलेल, हे वाक्य तिथेच हवं.

आता तिसरा प्रकार, जो खरोखर तासावरच घ्यायला हवा. गळती नेमकी कुठून होते ते शोधणं. जुन्या वायरिंगमधला असा दोष, ज्यात स्विच कधी चालतो, कधी नाही. वाकड्या भिंतीला जुळवून जुनं लाकूडकाम पुन्हा बसवणं. यात माप नसतं, शोध असतो. इथे उक्तं सांगणं म्हणजे एकतर गिऱ्हाइकाला लुबाडणं किंवा स्वतःला.

पण तासावरचं काम कागदावर चालतं, आठवणीवर नाही. रोज संध्याकाळी चार ओळी पाठवा आणि "ठीक आहे" असं उत्तर घ्या. उदाहरणार्थ: "आज: एक प्लंबर, ९ ते १ आणि २ ते ४, सहा तास. गरम पाण्याची लाइन दाबाखाली तपासली, गळती नाही. थंड पाण्याच्या लाइनचा दाब उतरतो, जॉइंट बेसिनच्या मागे असावा. माल: एक एल्बो, टेप, बिल सोबत. आतापर्यंत १० तास. उद्या बेसिनमागे उघडणार, अंदाज आणखी ६ ते ८ तास." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. झालेले तास सगळेच लिहितात, उरलेल्याचा अंदाज फार थोडे जण लिहितात. गिऱ्हाइकाला आश्चर्याचा धक्का बसला तर तो पैशाआधी तुमच्या शब्दावरचा विश्वास काढून घेतो. सुरुवातीला सांगितलेल्या तासांपैकी तीन चतुर्थांश संपले की थांबून विचारायचं, असा नियम ठेवा: पुढे जायचं का, की इथवर जे कळलं त्यावर दुसरा मार्ग धरायचा.

काय मोजायचं आणि काय नाही हेही आधी ठरवा. आपल्या चुकीने पुन्हा केलेलं काम मोजायचं नाही. दिवसातली मालाची एक फेरी मोजायची, दुसरी नाही, कारण ती आपल्या नियोजनातली चूक असते. टाइल अजून आली नाही म्हणून माणसं परत गेली तर किमान दोन तासांचे पैसे लागतील, हेही लिहा.

आणि एका सापळ्यापासून जपा. गिऱ्हाईक म्हणतं, "तासावर करा, पण अमुकच्या वर जायचं नाही." ऐकायला रास्त वाटतं. ३० तासांचा अंदाज, ३६ ची मर्यादा. काम २२ तासांत झालं तर तुम्हाला २२ चेच पैसे मिळतात. ४५ लागले तर ३६ चे. वाचलं तर त्याचं, वाढलं तर तुमचं. मर्यादा हवीच असेल तर दोन्ही बाजूंनी वाटून घ्या. ३० च्या आत संपलं तर वाचलेल्या तासांपैकी निम्म्यांचे पैसे तुम्हाला: २२ तासांत झालं तर बिल २६ तासांचं. ३० च्या वर गेलं तर पुढचे तास २४५ ऐवजी १६० च्या दराने. त्या तासांत तुम्हाला नफा नाही, तुमचा वरखर्चही निघत नाही, पण मजुरी तरी खिशातून जात नाही. आणि काम लांबवण्यात तुमचा काही फायदा नाही, हे गिऱ्हाइकालाही आकड्यांतूनच दिसतं.

राहता राहिलं साधं काम. रिकाम्या खोलीचा रंग, नवीन घरात वॉर्डरोब, सपाट स्लॅबखाली फॉल्स सीलिंग. इथे मागे दडलेलं काही नसतं, माप घ्या आणि सरळ उक्त्यात द्या. तुमची माणसं चपळ असतील तर अशाच कामांत उक्तं तुम्हाला तासावरच्या दरापेक्षा जास्त मिळवून देतं, ते तासावर देऊन वेगाची कमाई गिऱ्हाइकाच्या पदरात टाकू नका.

उक्त्यातल्या कामातही तास लिहून ठेवा, गिऱ्हाइकाला दाखवायला नव्हे, स्वतःसाठी. वरच्या बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग संपेपर्यंत ५६ तास मांडले होते. तिथे ७५ झाले असतील आणि जादा मापाचं काम वेगळं धरूनही फरक उरत असेल, तर टाइल लावण्याआधीच कळतं की गडबड कुठे आहे: तोडफोडीत, मलबा खाली नेण्यात, की प्लंबरची वाट बघण्यात. चार-पाच कामांच्या अशा नोंदी झाल्या की "दहात तीन", "दहात पाच" हे मी वर गृहीत धरलेले आकडे पुसून तुमचे खरे आकडे तिथे लिहा, आणि प्रति मीटरचे दर त्यावरून बेता.